सी की एस?

इंग्रजीत 'सल्ला' या नामाला 'अॅडव्हाइस' म्हणतात आणि 'सल्ला देणे' या क्रियापदाला 'अॅडव्हाइझ'. दोहोंच्या लेखनात एकाच अक्षराचा भेद आहे. नामात 'सी' लिहितात, क्रियापदात 'एस'. येथे कान साहाय्य करतो, पण चकवतोही. नामात 'स' ऐकू येतो म्हणून पुष्कळ मुले तेथेच 'एस' लिहितात. वस्तुतः 'एस' हे अक्षर 'झ' ऐकू येणाऱ्या क्रियापदात असते.

'प्रॅक्टिस' म्हणजे सराव. हा शब्द नाम असो वा क्रियापद असो, उच्चार एकच. तेथे कान निरुपयोगी ठरतो. अशा वेळी त्याच्या जागी 'अॅडव्हाइस' व 'अॅडव्हाइझ' यांपैकी कोणता शब्द बसतो, ते पाहावे. 'आय प्रॅक्टिस डेली', म्हणजे 'मी रोज सराव करतो', या वाक्यात 'अॅडव्हाइझ' बसतो. अर्थात शब्द क्रियापद आहे, 'एस' लिहावा. 'डेली प्रॅक्टिस इज गुड', म्हणजे 'रोजचा सराव चांगला', येथे 'अॅडव्हाइस' बसतो, म्हणून 'सी'.

हा नियम ब्रिटिश लेखनाचा असून आपल्याकडेही तोच रूढ आहे. अमेरिकेत 'प्रॅक्टिस' दोन्ही वेळा 'सी'नेच लिहितात. सल्ल्याच्या जोडीतील भेद मात्र तेथेही पाळतात.