क्लिकचे पैसे नेमके कुठे गळतात?

प्रश्न : माझा मॉड्युलर किचनचा व्यवसाय आहे. गेल्या महिन्यात गुगल जाहिरातींवर ६०,००० रुपये गेले. क्लिक २,००० आले आणि चौकशीचे फॉर्म फक्त २४. एजन्सी म्हणते वेबसाइट वाईट आहे. वेबसाइटवाला म्हणतो जाहिरातीतून माणसंच चुकीची येतात. दोघांकडे आपापले रिपोर्ट आहेत. पुढच्या महिन्याचे पैसे भरावेत का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दोघांचे रिपोर्ट वेगळे आहेत, म्हणूनच हा वाद मिटत नाही. एकाचा रिपोर्ट क्लिकपाशी संपतो, दुसऱ्याचा तिथून पुढे सुरू होतो. मधला सांधा तुम्हालाच जोडून घ्यावा लागेल. गुगल अ‍ॅड्स आणि गुगल अ‍ॅनालिटिक्स ही दोन्ही खाती एकमेकांना जोडा आणि अ‍ॅड्सच्या खात्यात ‘ऑटो-टॅगिंग’ चालू ठेवा. मग क्लिकच्या पत्त्याला `gclid` नावाची खूण लागते. बऱ्याचदा वेबसाइट पत्ता बदलून पुढे पाठवते आणि तेवढ्यात ही खूण गळून पडते. तपासणी सोपी आहे. आपल्या पानाच्या पत्त्यापुढे `?gclid=test123` लिहून उघडा. पान उघडल्यावर ती खूण दिसेनाशी झाली, तर आधी वेबसाइटवाल्याला गाठा.

आता एक साधी शीट करा. ओळी मोहिमांच्या आणि रकाने सहा : खर्च, क्लिक, भेटी, बाउन्स रेट, फॉर्मपर्यंत पोहोचलेले, फॉर्म सुरू केलेले व पाठवलेले यांची जोडी. समजा तुमच्या दोन मोहिमा आहेत. ‘मॉड्युलर किचन पुणे’वर ३६,००० रुपये, ८०० क्लिक आणि ७०० भेटी, ‘किचन डिझाइन’वर २४,००० रुपये, १,२०० क्लिक, पण भेटी फक्त ७८०. क्लिक आणि भेटी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, पण तिसऱ्या भागाहून जास्त क्लिक वाटेतच गेले तर पान उघडायला वेळ लागतोय, किंवा चुकून पडलेले क्लिक आहेत, असा संशय घ्यावा.

बाउन्स रेट वाचताना एक गोष्ट सांभाळा. आताच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये दहा सेकंदांहून अधिक थांबलेला, दुसरे पान पाहिलेला किंवा ठरवून दिलेली महत्त्वाची कृती केलेला माणूस बाउन्समध्ये धरत नाहीत. जुन्या पद्धतीत एकच पान पाहून, दुसरी कोणतीही नोंद न होता गेलेला प्रत्येकजण त्यात येई. एजन्सी जुन्या आकड्याशी तुलना करत असेल तर ती ऐकू नका.

स्क्रोलचा आकडा मात्र मला मुळात फसवा वाटतो. अ‍ॅनालिटिक्स आपणहून फक्त ९० टक्के खाली गेलेल्यांची नोंद करते. तुमचा फॉर्म पानाच्या मध्यावर असेल तर तो आकडा काहीच सांगत नाही. त्यापेक्षा टॅग मॅनेजरमध्ये फॉर्म पडद्यावर दिसताच नोंद होईल अशी सोय करून घ्या. किती टक्के सरकले, यापेक्षा फॉर्म दिसला की नाही हा प्रश्न कामाचा.

आपल्या उदाहरणात पहिल्या मोहिमेतून २८० जणांना फॉर्म दिसला, ८४ जणांनी तो भरायला घेतला (`form_start`) आणि २१ जणांनी पाठवला. म्हणजे भरायला घेतलेल्यांपैकी ७५ टक्के अर्ध्यावर उठले. दुसऱ्या मोहिमेत बाउन्स ८० टक्के, फॉर्म दिसला ६० जणांना, भरायला घेतला १२ जणांनी, पाठवला तिघांनी. पहिलीत एका चौकशीला सुमारे १,७१४ रुपये पडले, दुसरीत ८,०००. एकूण सरासरी २,५०० दिसते, आणि ती दोन्ही गोष्टी झाकते.

तुमचे खरे आकडेही असेच निघाले, तर निष्कर्ष असा की तुमचे दोघेही अर्धे बरोबर आहेत. दुसऱ्या मोहिमेत माणसंच चुकीची आहेत. त्यांना किचन करायचे नाही, बहुधा फोटो पाहायचेत. पहिलीत माणसं बरोबर आहेत, फॉर्म नडत असावा. फॉर्ममधल्या बजेट, ईमेल, ओटीपी यांतले काय अडवते, हे मात्र या नोंदींतून कळणार नाही. त्यासाठी क्लॅरिटीसारख्या मोफत साधनात भेटींचे रेकॉर्डिंग पाहावे लागेल.

दोन पथ्ये पाळा. `form_submit` ही नोंद कधी फॉर्म प्रत्यक्ष न पोहोचताही होते आणि काही फॉर्मवर होतच नाही, म्हणून मोजणी ‘धन्यवाद’च्या पानावरून करा. दुसरे, अर्ध्यावर फॉर्म सोडलेल्यांनी थेट फोन केला असेल. फोन नंबरवरचा टॅप अ‍ॅनालिटिक्स आपणहून मोजत नाही. तो टॅग मॅनेजरने मोजल्याशिवाय फॉर्मला दोष देऊ नका.

तर पैसे भरा, पण सगळे नाही. दुसरी मोहीम थांबवा. पहिलीचा खर्च तसाच ठेवून फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल एवढेच विचारा. फॉर्म सोडणारे ७५ वरून ५० टक्क्यांवर आले, तर त्याच ३६,००० रुपयांत ४२ चौकशा मिळतील, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८५७ रुपयांना.