सहकाऱ्याच्या गौरवाचे एक वाक्य

कार्यालयीन लेखनाच्या या घटकात आपण अर्ज, सूचना आणि अहवाल पाहिले. आता त्या मानाने फारच लहान लेखनप्रकार पाहू. अनेक कंपन्यांच्या अंतर्गत पोर्टलवर एक कर्मचारी दुसऱ्याला कौतुकाचा बॅज देऊ शकतो. बॅजचे चित्र तयार असते. त्याखालचे एक वाक्य मात्र आपल्याला लिहावे लागते आणि ते सर्वांना दिसते.

एक प्रसंग कल्पू. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग तयार होतात. दुसऱ्या पाळीच्या अखेरीस एका कामगाराच्या लक्षात येते की, प्लग गेज छिद्रात सहज जात नाही. टूलची धार झिजल्याने छिद्राचे माप कमी भरत आहे. तो यंत्र थांबवतो, आधीचे ४० नग वेगळे काढतो आणि पाळीच्या वहीत कारण लिहून घरी जातो. तिसऱ्या पाळीतील सहकाऱ्याला त्याचे आभार मानायचे आहेत. त्याचा पहिला खर्डा असा आहे :

‘उत्कृष्ट कामगिरी व संघभावनेबद्दल हार्दिक अभिनंदन! असेच काम करीत राहा.’

या मजकुरात व्याकरणाची चूक नाही. तरीही तो कोरडा वाटतो. तो कोणालाही, कोणत्याही दिवशी देता येईल. ‘हार्दिक’ हा शब्द तर चौकाचौकांतील फलकांनी इतका वापरला आहे की, त्यातले हृदय आता कोणाला जाणवत नाही. ‘अभिनंदन’ आपण दुसऱ्याच्या यशाबद्दल करतो, तर ‘आभार’ त्याच्या कृतीचा आपल्याला उपयोग झाला म्हणून मानतो. येथे लाभ लिहिणाऱ्याच्या पाळीला झाला आहे. म्हणून आभार योग्य. ‘असेच काम करीत राहा’ हा वरिष्ठाचा सूर आहे. बरोबरीच्या माणसाने तो लावला, तर कौतुकाचा उपदेश होतो.

दुसऱ्या खर्ड्यात लेखक अधिक औपचारिक होतो : ‘आपल्याद्वारे दाखविण्यात आलेल्या जागरूकतेची नोंद घेण्यात येत आहे.’ ही सूचनाफलकाची भाषा झाली. यात केले कोणी आणि पाहिले कोणी, दोघेही दिसेनासे होतात.

मग लिहायचे काय? त्या माणसाने नेमके काय केले आणि त्यामुळे आपले काय सोपे झाले, एवढेच :

‘पाळी संपता संपता तुम्ही ते ४० नग वेगळे काढून वहीत कारण लिहून गेलात, म्हणून आमची पाळी न अडखळता सुरू झाली, मनापासून आभार.’

या वाक्यात गौरवाचे एकही विशेषण नाही. नाव पोर्टल वर छापतेच, म्हणून तेही पुन्हा लिहिलेले नाही. ऊब आली आहे ती ‘वहीत कारण लिहून’ या तपशिलातून. कारण ती वही उघडून पाहणाऱ्यालाच हे ठाऊक असणार.

‘तुम्ही’ची निवडही पाहण्याजोगी आहे. ‘तू थांबलास’ आणि ‘तू थांबलीस’ यांत लिंगानुसार रूप बदलते, तसेच ‘ते थांबले’ आणि ‘त्या थांबल्या’ यांतही. ‘तुम्ही थांबलात’ मात्र दोघांनाही चालते. पूर्वी कोणासाठी लिहिलेला मजकूर उचलून पुन्हा वापरताना हीच रूपे घात करतात. एकमेकांना अरेतुरे करणाऱ्या मित्रांनीही सर्वांसमोरच्या या जागी ‘तुम्ही’ वापरलेले बरे, असे आम्हाला वाटते.

दोन ठिकाणी चांगल्या हेतूनेही वाक्य बिघडते. ‘इतरांनी दुर्लक्ष केले, पण तुम्ही पाहिलेत’ असे लिहिले, तर एकाच्या गौरवात इतरांवर आरोप होतो आणि दुसऱ्या दिवशी तो गौरव त्या कामगारालाच जड जातो. ‘अंगात ताप असतानाही’ असे लिहिले, तर त्याची खासगी बाब सर्वांपुढे जाते. शिवाय आजारपणात यंत्रावर उभे राहणे ही प्रशंसेची गोष्ट ठरते. दोन्ही तपशील खरे असले, तरी गाळावेत.

जागेचाही विचार करावा. पोर्टलवर अक्षरांची मर्यादा असल्यास संगणक बहुधा मात्रा आणि जोडाक्षरातील हलन्तही स्वतंत्र मोजतो. ‘कृतज्ञता’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण त्या मोजणीत तो आठ भरतो. म्हणून मजकूर चढवण्यापूर्वी शेवटचा शब्द तुटलेला नाही ना, हे पाहावे. जागा कमी पडली, तर आधी ‘मनापासून आभार’ गाळावे. वहीचा उल्लेख ठेवावा.

स्वाध्याय : भांडारातील एका सहकारी महिलेने तुमच्या मागणीपत्रकातील चुकीचा सुटा-भाग क्रमांक वेळीच ओळखून तुम्हाला फोन केला. तिच्यासाठी एक वाक्य लिहा. नंतर त्यातील प्रत्येक विशेषण खोडून ते पुन्हा वाचा.