पुलापलीकडे माझं नाव का दिसत नाही?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेत मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. दुकान नाही, घरूनच काम चालतं. गूगल मॅपवर माझी नोंद आहे, ६२ रिव्ह्यू आहेत आणि रेटिंग ४.७ आहे. घरी बसून ‘वॉशिंग मशीन रिपेअर’ शोधलं की मीच पहिला येतो. पण पश्चिमेतल्या एका गिऱ्हाइकाने त्याच्या मोबाइलवर शोधलं तर माझं नावच नाही, आणि ज्याचे जेमतेम १५ रिव्ह्यू आहेत तो सगळ्यांत वर. असं का होतं? पैसे भरून वर जाता येतं का? तसे फोनही मला येत असतात.
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : घरी बसून शोधलंत म्हणून तुम्ही पहिले आलात. शोधणारा आणि दुरुस्तीवाला एकाच पत्त्यावर असतील तर नकाशा दुसऱ्या कोणाला वर दाखवणार? आपली नोंद कुठे दिसते हे आपल्या घरातून कधीच कळत नाही. दुसऱ्या भागातल्या गिऱ्हाइकाला त्याच्या मोबाइलवर, तुमचं नाव न टाकता, नुसतं काम लिहून शोधायला सांगायचं. तुमच्या त्या पश्चिमेतल्या गिऱ्हाइकाने नेमकं तेच केलं आणि खरं चित्र समोर आलं.

अशा शोधात कोणाला वर ठेवायचं ते तीन गोष्टींवर ठरतं, आणि गूगल ते उघडपणे सांगतं. शोधलेल्या कामाशी तुमची नोंद किती जुळते, तुम्ही शोधणाऱ्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती परिचयाचं आहे. तुमचे ६२ रिव्ह्यू यातल्या फक्त तिसऱ्या गोष्टीत मोजले जातात. विष्णुनगरमधला माणूस शोधतो तेव्हा त्याच्या दोन गल्ल्या पलीकडचा पंधरा रिव्ह्यूवाला अंतरात तुम्हाला मागे टाकतो. नकाशाखाली सुरुवातीला तीनच नावं दिसतात, बाकीची पाहायला आणखी एकदा बोट लावावं लागतं आणि तेवढी तसदी फार थोडे घेतात. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत तुमच्या धंद्यातली माणसं गल्लोगल्ली आहेत, म्हणून अंतर इतकं बोचतं. जिथे असे दुरुस्तीवाले मोजकेच आहेत अशा गावात दहा-पंधरा किलोमीटरवरचा माणूसही पहिल्या तिनात बसू शकतो.

‘पण मी सेवाक्षेत्रात डोंबिवली पश्चिम टाकलंय’ असं तुम्ही म्हणाल. बहुतेकांची गल्लत इथेच होते. दुकान नसलेल्या व्यावसायिकाला घरचा पत्ता लपवून वीसपर्यंत भाग सेवाक्षेत्र म्हणून टाकता येतात. तुम्ही कुठपर्यंत जाता ते गिऱ्हाइकाला कळावं, एवढाच त्याचा उपयोग. त्याने तुमचा मुक्काम हलत नाही. पत्ता लपवला तरी अंतर मोजलं जातं ते पडताळणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यापासूनच, असा या कामातल्या जाणकारांचा अनुभव आहे. म्हणून वीस भाग टाकलेला माणूस वीस भागांत दिसतोच असं नाही.

यावर काहीजण मेहुण्याचा पश्चिमेतला पत्ता देऊन दुसरी नोंद काढतात. त्या फंदात पडू नका. एका व्यवसायाला, जिथे खरोखर कामकाज चालतं तिथलीच एक नोंद, असा नियम आहे. हल्ली पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्त्याची पाटी किंवा परिसर, तुमची हत्यारं आणि व्यवसायाचं नाव असलेला कागद, सगळं एका सलग चित्रणात दाखवावं लागतं. मेहुण्याच्या हॉलमध्ये हे जमवणं अवघड. जमलंच, तर पुढे एखादा प्रतिस्पर्धी तक्रार करतो. कारवाईत खोटी नोंद जाते, आणि कधी कधी तिच्याबरोबर खरी नोंदही निलंबित होते. मग ते ६२ रिव्ह्यू असून नसल्यासारखे.

खरं तर पश्चिम तुम्हाला हवी आहे का, हेही एकदा कागदावर मांडून पाहा. संध्याकाळी कोपर पुलावरून जाऊन-येऊन दीड तास मोडत असेल, तर तेवढ्या वेळात पूर्वेत दोन मशीन होतात. नकाशा तुम्हाला जवळची गिऱ्हाइकं देतो, यात तुमचा तोटा मला तरी दिसत नाही.

तरीही पलीकडची कामं हवी असतील तर वाट दुसरी आहे. कोणी कामाऐवजी थेट तुमचं नाव टाकून शोधलं, तर अंतराचा अडसर जवळजवळ उरत नाही. प्रश्न एवढाच, की पश्चिमेतल्या माणसाला तुमचं नाव कळणार कुठून? उत्तर आहे सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

तिथे काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. रात्री जेवणं आटोपल्यावर कोणीतरी लिहितं, ‘वॉशिंग मशीनवाल्याचा चांगला नंबर आहे का कोणाकडे? मशीन पाणी सोडत नाहीये.’ पाच-दहा मिनिटांत तीन उत्तरं येतात. एकाने नुसता नंबर टाकलेला असतो. दुसऱ्याने ‘Washing Machine New’ या नावाने सेव्ह केलेला कॉन्टॅक्ट पाठवलेला असतो. तिसरा म्हणतो, ‘आमच्याकडे मागे आलेले, माणूस चांगला आहे, नंबर शोधून देतो,’ आणि विसरून जातो. विचारणारा यातलं एक नाव गूगलवर टाकतो, रिव्ह्यू वाचतो आणि मगच फोन लावतो. ग्रुपमध्ये नाव कळतं, खात्री नकाशावर होते. ज्याच्या कॉन्टॅक्टला धड नावच नाही तो मधेच गळतो.

म्हणून काम संपल्यावर गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा आणि समोरच सेव्ह करायला सांगा. त्यावर व्यवसायाचं पूर्ण नाव असू द्या, पुढे ‘वॉशिंग मशीन’ हे शब्दही. वर्षभराने शेजारणीने विचारलं की तो माणूस फोनमध्ये ‘वॉशिंग’ एवढंच टाइप करणार आहे. नोंदीवरचं नाव मात्र तुमच्या बिलावर आणि बॅगेवर आहे तेवढंच ठेवा. तिथे ‘डोंबिवली पूर्व पश्चिम बेस्ट रिपेअर’ अशी शेपटं जोडणं नियमबाह्य आहे, आणि नोंदी निलंबित होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. नाव ‘साई सर्व्हिसेस’ किंवा ‘ओम एंटरप्रायझेस’ असेल तर दुसरीच अडचण. त्या नावाचे शहरात डझनभर निघतील, आणि तुमच्या ग्रुपमधल्या शिफारशीचा फोन दुसऱ्याच ‘साई’ला जाईल.

आता रिव्ह्यू. तुमच्या बासष्टांपैकी ‘Good service’ किती आणि कामाबद्दल काही सांगणारे किती, ते मोजून पाहा. समजा फ्रंट लोड मशीन पाणी सोडत नाही म्हणून बोलावलं. तुम्ही खालचं झाकण उघडलंत, फिल्टर काढलात, आतून दोन रुपयांचं नाणं आणि बाळाचा मोजा निघाला. पंप ठीक होता. तुम्ही व्हिजिटचेच पैसे घेतलेत. गिऱ्हाइकाने ‘पंप बदलायचा खर्च सांगतील असं वाटलं होतं, पण फिल्टरमध्ये नाणं अडकलेलं निघालं, फक्त व्हिजिट चार्ज घेतला’ असं लिहिलं, तर ते एक वाक्य दहा ‘Good service’ना भारी आहे. पाणी न सोडणाऱ्या मशीनसमोर बसलेल्या पुढच्या माणसाला आपलंच दुखणं तिथे दिसतं. शोधाच्या शब्दांशी जुळणारी अशी ओळ गूगलही कधी कधी उचलून तुमच्या नावाखाली दाखवतं.

पण गिऱ्हाइकाला मजकूर सांगायचा नाही. त्याऐवजी बिल नीट लिहा. ‘रिपेअर चार्ज’ असं मोघम लिहिण्याऐवजी ‘ड्रेन फिल्टर साफ केला, नाणं काढलं, पंप तपासला, ठीक’ असं लिहून तोच मजकूर रिव्ह्यूच्या लिंकसोबत पाठवा. ज्याला लिहायचंय त्याच्या समोर शब्द आपोआप असतात. लिंक सगळ्यांना पाठवा, फक्त खूश दिसणाऱ्यांना नको. आधी ‘समाधानी आहात का?’ विचारून चांगल्यांनाच लिंक देणं आणि रिव्ह्यूच्या बदल्यात पन्नास रुपये सोडणं, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी IS 19000 हे मानक आणलं. ते रिव्ह्यू गोळा करून प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांसाठी आहे, सक्तीचं नाही. पण विकतच्या रिव्ह्यूंबद्दल सरकारचा कल काय आहे ते त्यातून दिसतं. आणि भाच्याच्या मित्रांकडून एका आठवड्यात वीस रिव्ह्यू लिहून घेतले, तर ते गळण्याची शक्यता मोठी. राहिले तरी वाचणाऱ्याला वास येतोच.

एक तारा देणारा कधी ना कधी भेटतोच. तुमच्या धंद्यात त्याचं ठरलेलं कारण म्हणजे कार्ड जळलेलं असतं, गिऱ्हाईक दुरुस्ती नको म्हणतं आणि व्हिजिटचे पैसे द्यायला कुरकुर करतं. गूगलकडे तक्रार करून असा रिव्ह्यू सहसा जात नाही. शिवीगाळ, जाहिरात, खोटेपणा असं काही नियमबाह्य असेल तरच तो काढला जातो. तुमच्या दोघांत खरं कोणाचं, याचा निवाडा गूगल करत नाही. तेव्हा तिथेच तीन ओळींत उत्तर द्या : व्हिजिट चार्ज फोनवर आधी सांगितला होता, कार्डाचा दर सांगितला, दुरुस्ती नको म्हटल्यावर तेवढेच पैसे घेतले. त्याचा फ्लॅट नंबर किंवा मोबाइल चुकूनही लिहू नका. ते उत्तर त्याच्यासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्यांसाठी असतं. त्यामुळे तुम्हाला दर आधी विचारून घेणारी गिऱ्हाइकंच जास्त मिळतील, आणि ते बरंच आहे.

ग्रुपमध्ये स्वतः जाहिरात टाकू नका, हे सांगायला नकोच. बहुतेक सोसायट्यांत अ‍ॅडमिन ती काढून टाकतो. आणि न विचारता आलेला फोटो-नंबर लोक वाचतही नाहीत. गरज पडली तेव्हा शेजाऱ्याने दिलेलं नावच चालतं.

राहिला पैशांचा प्रश्न. साध्या शोधात वरचा क्रमांक विकत मिळत नाही. जाहिरात घेता येते, पण ती `Sponsored` असा शिक्का मारून वेगळी दिसते. ‘गूगलमधून बोलतोय, पडताळणीचे पैसे भरा नाहीतर नोंद बंद होईल’ असं सांगणारा गूगलचा नसतो. नोंद ठेवायला पैसे लागत नाहीत. त्याला ओटीपी तर मुळीच देऊ नका, कारण पैशांहून मोठं नुकसान नोंद हातची जाण्यात आहे. तुमची नोंद एखाद्या पोराने किंवा एजंटने काढून दिली असेल तर आजच तिच्या सेटिंगमध्ये `People and access` उघडा. `Primary owner` म्हणून तिथे दुसऱ्याचा मेल दिसत असेल, तर त्या माणसाशी संबंध चांगले आहेत तोवर मालकी स्वतःच्या मेलवर घेऊन टाका.