पाच जणांकडून युजेबिलिटी टेस्ट: हळदीच्या ऑर्डरचं उदाहरण

व्हिडिओत आपण फिग्मामध्ये स्क्रीन जोडून क्लिकेबल प्रोटोटाइप केला. आता तो लोकांच्या हातात देऊया.

समजा, तुम्हाला सांगलीची हळद पावडर साताऱ्यापर्यंत विकायची आहे. प्रोटोटाइपमध्ये चार स्क्रीन आहेत: पाकिटं, वजन, पत्ता आणि पेमेंट.

माणसं कोण? घरचा मसाला स्वतः विकत घेणारी पाच माणसं निवडा, तीन साताऱ्यातली आणि दोन सांगलीतली. त्यातली दोघं तरी ऑनलाइन खरेदी क्वचितच करणारी असावीत. घरचे आणि मित्र नकोत, ते तुमचं मन राखतात.

काम काय द्यायचं? "घरी कार्य आहे. दोन किलो हळद मागवा आणि एकूण किती पैसे लागतील ते सांगा." बटणावरचे शब्द वाक्यात आणू नका, नाहीतर उत्तरच सांगितल्यासारखं होतं. मग गप्प बसा. "इथे दाबू का?" असं विचारलं, तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणा.

काय लिहायचं? पहिला टॅप कुठे पडला, कुठे थांबले, काय बोलले, काम पूर्ण झालं का. "अवघड वाटलं" हा तुमचा अंदाज झाला. "दोनदा मागे गेले" हे निरीक्षण.

समजा, हे दिसलं:

- ५ पैकी ४: ५०० ग्रॅम निवडून पुढे गेले, ऑर्डर अर्ध्या किलोचीच झाली. पाकिटांची संख्या वाढवायची खूण दिसलीच नाही. दुरुस्ती: वजनाखालीच "किती पाकिटं?" आणि शेजारी "एकूण २ किलो".
- ५ पैकी ३: पेमेंटवर कुरिअरचा खर्च दिसताच मागे फिरले. दुरुस्ती: तो खर्च पहिल्याच स्क्रीनवर.
- ५ पैकी १: "घरी आल्यावर पैसे देता येत नाहीत?" म्हणून थांबले. माणूस एकच, पण ऑर्डर गेली! म्हणून ही नोंद वर ठेवा. मात्र ती सोय द्यायची का, हा धंद्याचा निर्णय आहे, हिशेब करून घ्या.
- ५ पैकी १: "रंग फिका आहे" म्हणाले, पण ऑर्डर अडली नाही. सध्या सोडा.

फोटोवर टॅप केला आणि काहीच उघडलं नाही, तर तिथे लिंक जोडली होती का ते आधी बघा. तो दोष कधी कधी फक्त प्रोटोटाइपचा असतो.

पाचच का? याकोब नीलसन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, पाच जणांत सुमारे ८५ टक्के. ही त्यांच्या प्रकल्पांची सरासरी आहे, तुमचा आकडा वेगळा येऊ शकतो. आणि "५ पैकी ३" म्हणजे "६० टक्के ग्राहक" असं कधीच म्हणू नका. पाच जण अडचण दाखवतात, प्रमाण नाही.

आधी वरच्या दोन दुरुस्त्या करा आणि नव्या पाच जणांना तेच काम द्या. दोन किलोची ऑर्डर दोन किलोचीच झाली, तर दुरुस्ती लागू पडली.