लंबकाचा निबंध आणि लंबकाचा अहवाल

बारावीपर्यंत छान निबंध लिहिणारी मुलं पदवीच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या अहवालात गुण गमावतात आणि घरी काळजी सुरू होते. भाषा चांगली, अक्षर सुरेख, पानंही भरपूर, मग कमी काय पडलं? माझ्या मते बहुतेकदा कारण एकच असतं. अहवाल निबंधासारखा लिहिलेला असतो. एकच विषय, साधा लंबक, दोन्ही प्रकारांत लिहून पाहू.

निबंधासाठी गोष्ट आहे १६७२ सालची. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पुढे न्यूटनने या निरीक्षणाचा आधार घेऊन पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, असं मांडलं. यावर निबंध लिहिताना तुम्ही आधी एक भूमिका घेता, उदाहरणार्थ ‘पृथ्वीचा आकार ठरवण्यात घड्याळाचा वाटा मोठा होता’. मग ती पटवण्यासाठी पुरावे निवडता. कुठून सुरुवात करायची आणि काय गाळायचं, हे तुम्ही ठरवता.

अहवालात ही मोकळीक नसते, कारण तिथे कुणाला काही पटवायचं नसतं. तुम्ही काय केलं आणि काय मोजलं, ते दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे, जमल्यास तसंच करून पाहता आलं पाहिजे. म्हणून क्रम ठरलेला असतो: उद्देश, साहित्य, पद्धत, निरीक्षणं, आकडेमोड, चर्चा, निष्कर्ष. पद्धतीत ‘दोरा बांधा’ असं पुस्तकातलं वाक्य उतरवू नका. ‘दोरा बांधला, २० दोलनांचा वेळ तीनदा मोजला’ असं, आपण जे केलं तेच लिहा. निरीक्षण तक्त्यात फक्त वाचनं आणि त्यांची एककं असतात, त्यांचा अर्थ चर्चेत येतो. हे दोन विभाग वेगळे ठेवले, तर तुमचा अर्थ न पटणारा वाचकही तुमचे आकडे वापरू शकतो.

आता चर्चेकडे थोडं थांबून पाहू, कारण खरे गुण इथे ठरतात. समजा एका विद्यार्थिनीने दोऱ्याची लांबी ९८.५ सेंटिमीटर मोजली. २० दोलनांना सरासरी ४०.२ सेकंद लागले, म्हणजे एका दोलनाला २.०१ सेकंद. T = 2π√(L/g) या सूत्रातून g आला ९.६३. मग ४८.५ सेंटिमीटरला २० दोलनांसाठी २८.४ सेकंद लागले आणि g आला ९.५०. पुस्तकात तर ९.८१ आहे. निबंधाची सवय असलेला हात इथे लिहून टाकतो, ‘मानवी चुकांमुळे फरक पडला, तरी प्रयोग यशस्वी झाला.’ या वाक्यातून तपासण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

आकडे मात्र बरंच सांगतात. घड्याळ दाबताना ०.२ सेकंद चुकले असं धरलं, तरी ४० सेकंदांत तो अर्धा टक्का होतो आणि g मध्ये सुमारे एक टक्का, म्हणजे ०.१ चा फरक पडतो. इथली तफावत त्याहून मोठी आहे. शिवाय लांबी कमी केल्यावर g आणखी घसरला. दर वेळी लांबीत सारखीच तूट राहत असेल, तर असंच होतं, कारण आखूड लंबकात तेवढीच तूट जास्त जाणवते. T² आणि लांबीचा आलेख काढला की ते डोळ्यांना दिसतं: रेषा आरंभबिंदूतून न जाता लांबीच्या अक्षाला शून्याच्या सुमारे १.३ सेंटिमीटर मागे छेदते. लांबी गोलकाच्या केंद्रापर्यंत मोजायची असते, हिने ती दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजली होती. रेषेच्या चढावर या तुटीचा परिणाम होत नाही, म्हणून चढावरून काढलेला g ९.७५ येतो. मुंबई-पुण्याकडचं खरं मूल्य ९.७८ ते ९.७९ आहे. ९.८१ हे जास्त अक्षांशांवरचं मूल्य. ते जुळवण्यासाठी वाचनं बदलणारा विद्यार्थी बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहितो.

पालकांनी अहवाल चाळताना पानं मोजू नयेत. ‘हा आकडा कुठून आला?’ असं विचारावं आणि मुलगा किंवा मुलगी तक्त्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवते का, ते पाहावं. तोंडी परीक्षेतही असाच प्रश्न येतो. गाठीपर्यंतची लांबी मोजल्याचं घरी आल्यावर लक्षात आलं, तरी तक्ता जसा आहे तसाच राहू द्यावा. चर्चेत गोलकाची त्रिज्या, हुकाची लांबी आणि ती मिळवल्यावर येणारा g लिहावा, शेजारी आलेखावरून काढलेला g ही द्यावा.