पंपाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद : ‘हेड’ म्हणजे खोली नव्हे

हुबळी-धारवाड परिसरातून शेतीपंप विकणाऱ्याला बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडच्या वितरकांसाठी मराठी माहितीपत्रक लागते. मूळ मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. वर्णनाचे चार परिच्छेद सहज उतरतात. कसोटी लागते ती तक्त्याशी. प्रस्तुत लेखात तक्त्यातील एकाच ओळीचा विचार केला आहे.

उदाहरणासाठी रचलेली ओळ अशी :

```
MB5-6550 | 5 HP / 3.7 kW | 65 x 50 mm
Head (m)        : 18 | 24 | 28
Discharge (lps) : 10 |  8 |  5
```

पहिला रकाना संकेतांकाचा. त्याचे लिप्यंतर करू नये. पंपावरील धातूच्या पट्टीवर जी अक्षरे ठोकलेली असतात तीच वितरक मागणीपत्रात लिहितो, आणि सुटे भागही त्यांवरूनच मिळतात. ‘एमबी ५’ असे छापले की पट्टी आणि पत्रक यांचा मेळ तुटतो. ‘65 x 50’ हे अनुक्रमे ओढनळी व सोडनळीचे माप. दुकानात त्याला अडीच इंच, दोन इंच म्हणतात. मूळ माप ठेवून ते शेजारी द्यावे.

खरा पेच ‘हेड’चा. कोशात ‘शीर्ष’ मिळतो, पण दुकानदार ‘हेड’च म्हणतो. सोपे करण्याच्या भरात काही अनुवादक ‘विहिरीची खोली’ लिहितात, आणि तेथे अर्थ बिघडतो. हेड म्हणजे विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून पाणी जेथे सोडायचे तेथपर्यंतची उभी उंची, अधिक नळीतील घर्षणाने वाया जाणारी उंची. काठावर बसवलेला मोनोब्लॉक पंप खालून पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर. समुद्रसपाटीला या ओढीची तात्त्विक मर्यादा सुमारे १०.३ मीटर, व्यवहारात ६-७ मीटरच धरतात. तेव्हा ‘खोली २४ मीटर’ असे वाचून कोणी २४ मीटर खाली पाणी असलेल्या विहिरीच्या काठावर हा पंप बसवला, तर मोटर फिरेल, पण पाणी येणार नाही. पंपात दोष नसताना तक्रार मात्र वितरकाकडे येईल. म्हणून मी रकान्याला ‘एकूण हेड (मीटर)’ असे लिहितो आणि खाली ‘ओढीची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नसावी’ अशी टीप सुचवतो. ती छापण्यापूर्वी कारखान्यातील अभियंत्याने तपासावी.

दुसरी चूक जागा वाचवताना होते. तीन जोड्या गाळून ‘हेड २८ मीटरपर्यंत, पाणी सेकंदाला १० लिटरपर्यंत’ असे एक वाक्य केले जाते. त्यातील दोन्ही आकडे तक्त्यात आहेत, तरी वाक्य खोटे आहे; कारण हेड वाढले की पाणी कमी होते. २८ मीटरला पाणी ५ लिटरच मिळते. अशी वाक्यरचना दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळतील असे सुचवते. तक्ता तक्ताच ठेवावा. वाक्य करायचेच असेल तर ‘२४ मीटर हेडला सेकंदाला ८ लिटर’ अशी जोडी सांगावी.

छपाईपूर्वी पत्रक वितरकाच्या हाती द्यावे आणि विचारावे : ‘पाणी वीस फुटांवर आहे, ते साठ फूट वर चढवायचे आहे; किती मिळेल?’ एकूण ऐंशी फूट, म्हणजे सुमारे २४.४ मीटर, शिवाय घर्षण. त्याचे बोट २४ च्या रकान्यावर जाऊन ‘आठाला थोडे कमीच’ असे उत्तर आले, तर अनुवाद उतरला असे समजावे.