प्रोसेसरची असाइनमेंट आणि आजारपण

प्रश्न : तापामुळे प्रोसेसर डिझाइनची असाइनमेंट रखडली. मुदतवाढीचा ईमेल कसा लिहावा? – विद्यार्थी, संगमनेर

उत्तर : अशा ईमेलमध्ये आजाराच्या वर्णनापेक्षा काम कुठवर आले हे महत्त्वाचे. आजाराला एक वाक्य पुरते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. पुढे नेमके लिहावे : ‘सर, एएलयू आणि रजिस्टर फाइल सिम्युलेशनमध्ये तपासून झाली आहे. कंट्रोल युनिट अपुरे आहे. `beq` ला ब्रँच घेतली जात नाही. सोमवारऐवजी गुरुवारी सबमिशनची परवानगी मिळावी.’ झालेला कोडही सोबत पाठवावा, म्हणजे सांगितलेले पडताळता येते. ‘थोडे दिवस द्या’ या मोघम विनंतीवर शिक्षकांना तपासणीचा दिवस ठरवता येत नाही. ईमेल मुदत संपण्याआधीच जावा. टर्मवर्कचे गुण सत्राअखेर विद्यापीठाकडे जातात. त्यापुढची सवलत प्रयोगशाळेच्या शिक्षकांच्या हाती नसते.